निम्म्या गोळीचे गणित

झोल्पिडेम ही झोपेची गोळी लवकर उतरणारी म्हणून ओळखली जाते. 10 मिलिग्रॅमची साधी गोळी घेतल्यावर दीड-दोन तासांत रक्तातली पातळी शिखर गाठते आणि पुढे साधारण दर अडीच तासांनी निम्मी होते. तरीही अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी 2013 मध्ये स्त्रियांसाठीची शिफारस 10 वरून 5 मिलिग्रॅमवर आणली. सावकाश विरघळणाऱ्या गोळीची 12.5 वरून 6.25 वर. कारण रात्रीच्या झोपेचे नव्हते, सकाळच्या गाडी चालवण्याचे होते. रक्तात मिलिलिटरमागे 50 नॅनोग्रॅमहून अधिक औषध असेल, तर वाहन चालवण्याची क्षमता धोकादायक प्रमाणात घटू शकते. साध्या 10 मिलिग्रॅमच्या गोळीनंतर आठ तासांनी ही पातळी ओलांडलेल्या स्त्रिया सुमारे 15 टक्के निघाल्या, पुरुष 3 टक्के.

एवढा फरक पडण्याचे मूळ औषध शरीराबाहेर पडण्याच्या वेगात आहे. झोल्पिडेमचे विघटन यकृतात होते, त्यात मोठा वाटा सीवायपी3ए4 या विकराचा. स्त्रियांमध्ये हा निचरा मंद असल्याने तेवढ्याच मात्रेवर रक्तातली पातळी सरासरी 45 टक्के अधिक राहते. वजन कमी असते म्हणून, हे सोपे उत्तर पुरेसे नाही. टेस्टोस्टेरॉनमुळे विघटनाला वेग येत असावा, असे प्रयोगशाळेतील काही निष्कर्ष सुचवतात. ते अद्याप अनुमानच आहे.

पण सरासरीवर थांबले तर घोटाळा होतो. समजा, रात्री अकराला गोळी घेतलेल्या पुरुषाची पातळी साडेबाराला 120 झाली. अडीच तासांच्या हिशेबाने सकाळी सातला ती विसाच्या आसपास येईल. स्त्रीची 175 पासून सुरू झाली तरी सातला तिशीखालीच येते. दोघेही सुरक्षित! मात्र तिच्या शरीरात पातळी निम्मी व्हायला साडेतीन तास लागत असतील, तर सातला 48 उरतात, म्हणजे अगदी काठावर. तिथे मात्रा निम्मी केली की तोच आकडा 24 होतो. धोका असतो तो अशा सावकाश निचऱ्याच्या स्त्रियांना, आणि त्या कोण हे आधी ओळखण्याची सोपी सोय नाही. अशी व्यक्ती स्वतःला पूर्ण जागी समजते, म्हणून तिच्या जाणिवेवरही विसंबता येत नाही.

स्त्री-पुरुष हा निकष त्यामुळे ढोबळच आहे. सावकाश विरघळणाऱ्या 12.5 मिलिग्रॅमच्या गोळीनंतर 33 टक्के स्त्रियांसोबत 25 टक्के पुरुषही मर्यादेपलीकडे होते, म्हणून पुरुषांनाही कमी मात्रा देण्याचा विचार डॉक्टरांनी करावा, असे प्रशासनाने सांगितले. युरोपच्या औषध संस्थेने 2014 च्या फेरतपासणीत स्त्रियांसाठी वेगळी मात्रा ठरवली नाही. 10 मिलिग्रॅमची कमाल मर्यादा ठेवून गोळीनंतर आठ तास वाहन न चालवण्यावर भर दिला. अमेरिकी मार्ग अधिक सावध वाटतो, कारण 5 मिलिग्रॅमने झोप लागली नाही तर मात्रा 10 पर्यंत वाढवण्याची मुभा तिथेही आहे. मध्यरात्री जाग आल्यावर दुसरी गोळी घेतली, किंवा जोडीला मद्य अथवा केटोकोनॅझोलसारखे विघटन रोखणारे औषध असले, की मात्र आठ तासांचा हा सारा हिशेब स्त्री-पुरुष दोघांसाठीही कोलमडतो.