वर्गणी छापील पत्राचीच असावी

सेवानिवृत्त गृहस्थाने दारात पडणाऱ्या वर्तमानपत्राची वर्गणी बंद करून मोबाइलवरील बातम्यांचे अ‍ॅप घ्यावे, असा आग्रह हैदराबादेतील मराठी घरांतून मुले आपल्या वडिलांना हल्ली वारंवार करतात; त्या आग्रहात माया असते हे मान्य, परंतु युक्तिवाद कच्चा असतो.

पूर्वपक्षाचा मुख्य आधार ताजेपणा हा आहे. छापखान्याची पाने मध्यरात्रीच्या सुमारास बंद होतात आणि त्यानंतरची घटना उद्यावर जाते, हे खरेच. पण काचीगुड्यातील जे वृद्ध गृहस्थ सकाळी चहाचा पेला घेऊन वाचावयास बसतात, त्यांना क्षणाक्षणाची खबर नको असते. काल काय घडले याचा, संपादकाने थोरले-धाकटे ठरवून लावलेला आणि कोठेतरी संपणारा वृत्तांत हवा असतो. अ‍ॅपमध्ये पुढे काय यावे हे पुष्कळदा वाचकाच्या मागच्या वाचनावरून ठरते. क्रिकेट उघडणाऱ्यापुढे क्रिकेटच येत राहते. निवृत्तिवेतनधारकांनी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा, आणि ऐंशी वर्षे पुरी झालेल्या केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांस तो 1 ऑक्टोबरपासूनच देण्याची मुभा आहे, ही चार ओळींची बातमी कोणी मुद्दाम शोधीत नाही. छापील पानावर शेजारचे काही वाचताना ती दृष्टीस पडते. मग तारखेखाली पेन्सिलीची रेघ ओढली जाते आणि कात्रण पासबुकात जाते.

अ‍ॅप स्वस्त पडते, हा दुसरा मुद्दा आरंभीच्या सवलतीपुरता अनेकदा खरा ठरतो. मात्र मुदत संपताच खात्यातून रक्कम आपोआप वळती करण्यास आपण बहुधा आरंभीच संमती दिलेली असते, आणि अ‍ॅप फोनमधून काढून टाकल्याने ती संमती रद्द होत नाही. ती जेथून दिली त्या प्ले स्टोअरच्या वर्गणीखात्यात किंवा यूपीआयच्या ऑटोपेमध्ये जाऊन बंद करावी लागते. रक्कम कापण्यापूर्वी किमान चोवीस तास सूचना देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे खरा, पण ती सूचना संदेशांच्या गर्दीत सहज निसटते. उलट गावी जाताना पेपरवाल्याला, ‘पंधरा दिवस टाकू नका’, एवढे सांगितले की दरमहाच्या बिलातून तेवढे दिवस वजा होतात.

दृष्टी क्षीण झालेल्यास अक्षर मोठे करण्याची सोय कागदावर नाही, हा आक्षेप मात्र खोडून काढता येत नाही. तेथे अ‍ॅपच घ्यावे. मराठी पत्राची अडचणही वेगळी आहे. महाराष्ट्रातून येणारा अंक येथे स्थानिक दैनिकाबरोबर पहाटे पोहोचेल असा भरवसा धरता येत नाही. त्यासाठी ई-पेपर घ्यावा, म्हणजे छापील पानाचीच प्रतिकृती. अ‍ॅप आणि ई-पेपर एकच समजून पैसे भरू नयेत, कारण काही ठिकाणी दोहोंची वर्गणी निराळी असते. मुलांना वडिलांसाठी काही करावयाचेच असेल, तर हा ई-पेपर मोठ्या पडद्याच्या टॅबवर लावून द्यावा आणि हैदराबादेच्या पाणीपुरवठ्याच्या व वीज खंडित होण्याच्या सूचना छापणारे स्थानिक दैनिक दारात येऊ द्यावे.