पहिले शाईपेन कोणत्या लिपीसाठी?

पहिले शाईपेन कोणते घ्यावे, असे कोणी विचारले की आजकाल एक ठरलेले उत्तर मिळते: मध्यम जाडीची निब घ्या, ती सर्वांत गुळगुळीत चालते, शाई गडद आणि भरपूर वाहणारी घ्या, आणि लवकरात लवकर सोन्याच्या निबेकडे वळा. दुकानदार हेच सांगतो, हौशी मित्रही हेच सांगतो. हा सल्ला चुकीचा आहे, असे माझे म्हणणे नाही. तो भाषांतरित आहे, आणि भाषांतर वाईट झाले आहे. रोमन लिपी लिहिणाऱ्यांनी जाड, गुळगुळीत कागदावर लिहून तो तयार केला. आपण तो शब्दशः उचलून देवनागरीच्या हातात दिला. मी भाषांतरकार आहे आणि पहिला खर्डा आजही हाताने लिहिते, म्हणून या प्रकारची चूक मला चटकन दिसते.

आधी हिशेब करू. साध्या वहीतल्या दोन ओळींत साधारण आठ मिलिमीटर अंतर असते. वर वेलांटी, मात्रा, रफार यांसाठी दोन मिलिमीटर आणि खाली उकारासाठी दोन सोडले, की अक्षराच्या अंगाला उरतात चार. आता ‘उद्धृत’ हा शब्द लिहा. त्यातल्या ‘द्ध’वरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली तर शाईची रेघ किमान चार वेळा लागते: शिरोरेखा, मग ‘द’चा आणि ‘ध’चा वळसा. युरोपीय बनावटीच्या मध्यम निबेची रेघ स्वस्त कागदावर पसरून सहज पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाते. ती 0.7 धरली तर चार रेघांनी 2.8 मिलिमीटर खाल्ले. उरलेले 1.2 तीन फटींत वाटले गेले, म्हणजे प्रत्येक फट 0.4 मिलिमीटरची. पांढरी जागा काळ्या रेघेपेक्षा अरुंद झाली आणि अक्षर बुजले. तोच शब्द 0.4 मिलिमीटरच्या रेघेने लिहिला तर रेघांना 1.6 लागतात आणि प्रत्येक फटीला 0.8 मिळतात, म्हणजे रेघेच्या दुप्पट. रोमन लिपीत छोट्या ‘ई’सारख्या अक्षरातही ही गर्दी तीन रेघांवर थांबते, आणि वर शिरोरेखा नसते. म्हणून त्यांची मध्यम निब त्यांना मध्यम असते. आपल्याला ती जाड आहे.

शिरोरेखेच्या वरही असेच होते. ‘मूर्तींना’ या शब्दात एकाच अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार असे तिघे बसतात. जाड आणि ओल्या निबेने तिथे एक डाग उरतो. पुढे टंकलेखन करणाऱ्याला तो अनुस्वार दिसत नाही आणि अनेकवचन निघून जाते. हा माझ्या लेखी सौंदर्याचा प्रश्न नाही, पाठाचा आहे. या अंकाच्या इतर विभागांतील वाचकांनी आपापली लिपी लावून पाहावी. बांगला आणि गुरुमुखीला शिरोरेखा आहेच; तेलुगू-कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लटकतो. गर्दीची जागा बदलते, गर्दी कमी होत नाही.

यात आणखी एक गोंधळ असतो. निबेवर कोरलेल्या एफ, एम या अक्षरांना कोणतेही सर्वमान्य माप नाही. जपानी कंपन्यांची बारीक निब ही सहसा युरोपीय अतिबारीक निबेइतकी किंवा तिच्याहूनही बारीक असते. याचे कारण उघड आहे: त्यांनाही छोट्या चौकोनात अनेक रेघांची कांजी अक्षरे लिहायची असतात. ज्यांची अडचण आपल्यासारखी आहे, त्यांचा उपाय आपण का घेत नाही? पायलटची बारीक निब किंवा प्लॅटिनमच्या स्वस्त प्रेपी पेनाची 03 क्रमांकाची निब देवनागरीला पहिल्या दिवसापासून बसते. लामी आवडत असेल तर त्यातली अतिबारीक निब मागावी. छाटलेल्या टोकाची, ज्यांना स्टब म्हणतात त्या निबा तर नवख्याने बाजूलाच ठेवाव्यात. त्या उभी रेघ जाड आणि आडवी बारीक काढतात, म्हणजे दंड जाड आणि शिरोरेखा दोऱ्यासारखी. बोरूच्या वळणात दोन्ही भरदार असतात.

यावर आक्षेप ठरलेला आहे: बारीक निब कागदाला खरवडते. हे अर्धे खरे आहे. बारीक टोकाला कागदाचा पोत जास्त जाणवतो, पण जाणवणे वेगळे आणि खरवडणे वेगळे. निबेच्या दोन पाती एका पातळीत नसतील तर ती खरवडते, मग ती जाड असो वा बारीक. हे ओळखायला दुकानात एक मिनिट लागते. हात हलका ठेवून डावीकडून उजवीकडे दहा आडव्या रेघा ओढा, मग उजवीकडून डावीकडे दहा. एकाच दिशेला टोचत असेल तर पाती वर-खाली आहेत. दुसरी निब मागा. रोमन लिहिणारा वर-खालीच जास्त फिरतो, त्याला हा दोष उशिरा कळतो. आपण प्रत्येक शब्दावर शिरोरेखा ओढतो, आपल्याला तो पहिल्या ओळीत कळतो.

सोन्याबद्दल थोडक्यात. कागदाला सोने कधीच टेकत नाही. टेकतो तो टोकावर जोडलेला कठीण मिश्रधातूचा मणी, आणि तो चांगल्या पोलादी निबेवरही असतो. सोने गंजत नाही आणि काही निबांना थोडी लवचीकता देते. पण पहिल्या पेनात त्यासाठी दहापट पैसे मोजायचे कारण नाही. उलट, निनावी निबांवर ‘इरिडियम पॉइंट’ असे कोरलेले असते, त्यावरून निबेच्या दर्जाबद्दल काहीच कळत नाही.

आता शाई भरण्याच्या पद्धतीकडे येते. इथे रम्य आठवणी आडव्या येतात. ड्रॉपरने सबंध नळकांडे भरायचे पेन हे आपले पारंपरिक पेन. राजमहेंद्रीची रत्नम पेने 1930च्या दशकापासून प्रसिद्ध आहेत, आणि दक्षिणेत आजही हाताने एबोनाइटची सुरेख पेने घडवली जातात. ती घ्यावीत, पण दुसरे पेन म्हणून. शाई संपत आली की त्यांच्या पोटात हवा जास्त होते. हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला पुढे ढकलते, आणि मग ऐन वाक्यात थेंब पडतो. जाड एबोनाइट उष्णता हळू आत जाऊ देते म्हणून तिथे त्रास कमी, पातळ प्लास्टिकमध्ये जास्त. एक तृतीयांश शाई उरली की पुन्हा भरायची शिस्त असेल तर हे पेन उत्तम. पण नवख्याला ती शिस्त नसते, आणि मे महिना त्याची वाट पाहत नाही. पिस्टनचे पेन भरपूर शाई घेते, पण धुवायला वेळ लागतो. कार्ट्रिजच्या जागी बसणारा कन्व्हर्टर जेमतेम अर्धा-पाऊण मिलिलिटर शाई घेतो, म्हणून त्याची चेष्टा होते. पण त्यात हवा थोडी असते, तो गळत नाही, आणि निब पाण्यात बुडवून दहा वेळा मळसूत्र फिरवले की पेन स्वच्छ होते. पहिल्या वर्षात शाया बदलून पाहायच्या असतात, तेव्हा हाच गुण मोठा.

एक उदाहरण सांगते. बांगलातून मराठीत भाषांतर करणारी एक तरुणी माझ्याकडे आली, ती तक्रार घेऊनच: हात सुधारावा म्हणून पेन घेतले आणि अक्षर बिघडले. पेन परदेशी, निब मध्यम, शाई चमकीच्या कणांची, कागद नेहमीचा 70 ग्रॅमचा झेरॉक्सचा. पानाच्या मागे ठिपके उमटलेले, ‘त्त्व’ आणि ‘द्ध’ भरून गेलेले. चमकीचे कण निबेखालच्या खाचांत, म्हणजे फीडमध्ये, बसल्याने शाई मधूनच तुटत होती. ती दाब देत होती, त्यामुळे रेघ आणखी रुंदावत होती. आम्ही पेन साध्या कोमट पाण्याने धुतले, साधी निळी शाई भरली, त्याच कागदावर लिहिले. तुटणे थांबले, बुजणे थांबले नाही. मग त्याच पेनावर अतिबारीक निब बसवली. तोच कागद, तोच हात, आणि ‘तत्त्व’मधले दोन्ही ‘त’ मोजता आले. बिघाड हाताचा नव्हताच. पण ती आपल्या अक्षराला नावे ठेवत आली होती, आणि अशी किती माणसे पेन खणात टाकून देत असतील! माझा राग या सल्ल्यावर आहे तो यासाठी.

या उदाहरणातच विश्वासू कंपनीची व्याख्या आहे. नाव किती जुने, याला महत्त्व नाही. तिची निब आणि कन्व्हर्टर सुटे मिळतात का, आणि दोन पेने सारखीच लिहितात का, हे पाहावे. लामीची निब सुटी मिळते आणि घरी बदलता येते. पायलट, प्लॅटिनम आणि लामी यांचे कन्व्हर्टर मात्र आपापले वेगळे. एकाचे दुसऱ्यात बसत नाही, म्हणून पेनासोबतच घ्यावे. हाताने घडवलेले देशी पेन घेताना कारागिराला विचारावे, निब कोणाची बसवली? त्याने स्पष्ट उत्तर दिले तर पुढे बोलावे.

शाई पहिल्या वर्षी साधी, पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची. 1931 साली शाईच्या पुडीपासून सुरू झालेल्या कॅमलची निळी शाई गल्लीत मिळते आणि पेनाला त्रास देत नाही. तिची मर्यादाही सांगते: पाणी सांडले तर मजकूर जातो आणि उन्हात रंग उडतो. टिकाऊ हस्तलिखित हवे असेल तर पुढे लोहयुक्त शाई घ्यावी. प्लॅटिनमची किंवा पेलिकनची ब्लू-ब्लॅक त्या जातीची आहे. हलक्या कागदावर ती कमी फुटते, पण पेनात सुकू देऊ नये आणि महिन्याला एकदा पेन धुवावे. चित्रकलेची ‘वॉटरप्रूफ’ काळी शाई मात्र कधीही नाही. तिच्यातली लाख फीडमध्ये घट्ट झाली की पेन गेले.

दुकानात जाताना आपण रोज वापरतो तो कागद घेऊन जा. तिथल्या गुळगुळीत वहीवर सही करून पेन पसंत करू नका. आपल्या कागदावर ‘उद्धृत’, ‘तत्त्व’ आणि ‘मूर्तींना’ हे तीन शब्द नेहमीच्या आकारात लिहा. अनुस्वार वेगळा दिसला आणि ‘द्ध’च्या पोटात पांढरे उरले, तर ते पेन घ्या.