अण्णांची तीन मिनिटे

२४ मार्चच्या जागतिक क्षयरोग दिनी बीडमधील एका ज्येष्ठ नागरिक संघात ६८ वर्षांचे एक सदस्य, आपण त्यांना अण्णा म्हणू, स्वतःच्या क्षयमुक्तीविषयी बोलणार होते. वेळ तीन मिनिटांची. लिहून आणलेली पाने नऊ! सावकाश बोलल्यास मिनिटाला सुमारे १०० शब्द होतात, म्हणजे मजकूर ३०० शब्दांचाच हवा.

मी विचारले, "अण्णा, औषध सोडावेसे केव्हा वाटले?"

ते क्षणभर थांबले. "दोन महिन्यांनी. खोकला गेला, भूक लागली. सुनेच्या नकळत आठ दिवस गोळ्या टाकून दिल्या."

नऊ पानांत याचा उल्लेखही नव्हता. खरे भाषण मात्र तेथेच होते. म्हणून पहिले मिनिट लक्षणांना दिले: दोन आठवड्यांहून लांबलेला खोकला, सायंकाळचा ताप, सैल झालेला सदरा, थुंकीची तपासणी. दुसरे मिनिट त्या आठ दिवसांना. तिसऱ्यात सुनेने गोळ्या कशा मोजल्या, चुकलेले डोस भरून सहा महिन्यांचा उपचार कसा पूर्ण झाला, हे आले. लक्षणे शमली तरी जंतू उरतात आणि अर्धवट उपचाराने ते औषधांना दाद देईनासे होऊ शकतात, हे वाक्यही त्यांनी तेथेच घातले.

तुळशीच्या काढ्याचा परिच्छेद मी गाळायला लावला. श्रोते नेमका काढाच घरी नेतात. सुनेची संमतीही घेतली.

घड्याळ लावून मोठ्याने वाचले तेव्हा पाच मिनिटे लागली. मान्यवरांची नावे वगळली, तरी वीस सेकंद जास्तच होत होते. ती मी राहू दिली, कारण 'टाकून दिल्या' म्हणताना अण्णांचा कंठ दाटून येई.