हरकत लिहा, निर्णय लिहा, भांडण लिहू नका



वार्षिक सभांचे दिवस जवळ आले की आम्हा सेक्रेटरी लोकांपुढे एक प्रश्न दरवर्षी उभा राहतो. सभेत कुणीतरी उठून म्हणतो, "थांबा, हे नियमात बसत नाही." चेअरमन निर्णय देतात. आता प्रोसिडिंग बुकात यातलं किती उतरवायचं?

दोन तऱ्हेची बुकं बघायला मिळतात. एका बुकात सगळंच असतं. अमुक म्हणाले, त्यावर तमुक म्हणाले, मग अमुकांनी पुन्हा सांगितलं, अशी तीन पानं भरतात आणि शेवटी चेअरमन काय म्हणाले ते सापडत नाही. दुसऱ्या बुकात काहीच नसतं. "साधकबाधक चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर" एवढी ओळ, जणू हरकत कुणी घेतलीच नव्हती. आमच्या मते दोन्ही वाईट, पण दुसरं जास्त वाईट. तीन पानांतून माणूस डोकं खाजवत का होईना, काहीतरी शोधून काढेल. एका ओळीतून काय काढणार?

आधी हरकत म्हणजे काय ते बघू. इकडे आपल्या सभा अर्ध्या कन्नडात, अर्ध्या मराठीत चालतात. कर्नाटक विधानसभेत ज्याला 'क्रियालोप' म्हणतात, त्यालाच महाराष्ट्रात 'हरकतीचा मुद्दा' म्हणतात. लोक नुसतं "पॉइंट ऑफ ऑर्डर" ओरडतात. शब्द कुठलाही असो, अर्थ एकच : सभा आत्ता जे करते आहे ते नियमाविरुद्ध आहे, ते थांबवा. लोकसभेच्या कामकाज नियमांत ३७६ नंबरचा नियम यावरच आहे. हरकत ही नियमाचा अर्थ किंवा अंमल याबद्दलच असली पाहिजे, माहिती विचारायला किंवा स्वतःची बाजू मांडायला ती वापरता येत नाही. तिच्यावर वादविवाद होत नाही, अध्यक्षांना वाटलं तर ते सभासदांचं म्हणणं ऐकून घेतात आणि मग त्यांचा निर्णय शेवटचा. म्हणजे "हरकत आहे, गेल्या साली बर्फाला इतका खर्च कसा झाला?" ही हरकत नव्हे, तो प्रश्न आहे. आणि जिथे वादविवादच व्हायचा नाही असा नियम आहे, तिथे बुकात वादविवाद लिहायचं कारण काय?

आता एक मोठं उदाहरण घेऊ, म्हणजे किती लिहायचं ते कळेल. ८ एप्रिल १९२९ ला दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बाँब टाकले, हे आपल्याकडे शाळेतल्या पोराला पण माहीत असतं. पण त्या क्षणी सभेत काय चाललं होतं, ते फार थोड्यांना माहीत. अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल एका नियमाच्या प्रश्नावर निर्णय द्यायला उठत होते. सरकारनं सार्वजनिक सुरक्षा विधेयक आणलं होतं. त्याच वेळी मीरतला कामगार पुढाऱ्यांवर खटला दाखल झाला होता आणि दोन्हींत आरोप साधारण एकच. कोर्टात असलेल्या गोष्टीवर सभेत बोलायचं नाही असा नियम. मग या विधेयकावर चर्चा तरी कशी करायची? बाँबमुळे त्या दिवशी निर्णय राहिला. पटेलांनी तो ११ एप्रिलला दिला : चर्चा नियमात बसत नाही.

कायदेमंडळात शब्दन् शब्द टिपून घेणारे लोक असतात, म्हणून तिथली भाषणं छापून आली. पण समजा तिथेही आपल्यासारखं एकच बुक असतं आणि लिहायला एकच सेक्रेटरी असता, तर त्या सगळ्या प्रकरणाची नोंद अशी झाली असती :

"विषय : सार्वजनिक सुरक्षा विधेयक. मीरतचा खटला न्यायालयात असताना यावर चर्चा नियमानुसार होते का, असा प्रश्न उपस्थित झाला. अध्यक्षांचा निर्णय : चर्चा नियमबाह्य. कारण : खटल्यातील बाबींना हात न लावता विधेयकावर खरी चर्चा होऊ शकत नाही आणि त्या बाबींवर बोलण्यास मनाई आहे. त्यामुळे विधेयक पुढे घेतले नाही."

बस, एवढंच. सरकारला हा निर्णय पटला नाही. व्हाइसरॉयनं नंतर वटहुकूम काढून आपलं काम करून घेतलं. पण पटेल बरोबर की चूक, यावर लोक आजही बोलू शकतात, कारण निर्णयाबरोबर कारण नोंदलेलं आहे. कारण नसतं तर उरलं असतं फक्त "अध्यक्षांनी नकार दिला".

अमेरिकेत हेन्री रॉबर्ट नावाच्या लष्करी इंजिनिअरनं १८७६ साली सभेच्या नियमांचं पुस्तक काढलं. ते अजून चालतं. त्याचं म्हणणं असं की इतिवृत्तात सभेनं काय केलं ते लिहायचं, कोण काय बोललं ते नाही. पण हरकत मात्र लिहायचीच, मान्य झाली तरी आणि फेटाळली तरी, आणि अध्यक्षांनी दिलेलं कारण पण लिहायचं. आम्हाला हे पटतं. बाकीचं बोलणं ठरावात विरघळून जातं. हरकतीवरचा निर्णय मात्र स्वतःच सभेचं एक काम असतो, कारण त्यावरून पुढे काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते ठरतं.

आता आपल्यातलं उदाहरण. समजा सभेच्या नोटिशीत पाच नंबरचा विषय आहे : तलावात सोडायला कटला-रोहूची बोटुकली खरेदी करण्याच्या खर्चास मंजुरी. चर्चा सुरू झाल्यावर एक सभासद म्हणतो, याच ठरावात मासळी बाजारात न्यायला एक जुनी गाडी घ्यायचं पण टाका. दुसरा उठतो : नोटिशीत गाडी नाही, जे आज आले नाहीत त्यांना हे ठाऊकच नाही, पोटनियमाप्रमाणे नोटिशीत नसलेला खर्च आज घेता येत नाही. तिथून पेटतं. कुणी मागच्या गाडीचं काढतो, कुणी कुणाच्या भावाचं काढतो. अर्ध्या तासानं चेअरमन म्हणतात, हरकत बरोबर आहे, गाडीचा विषय बोटुकलीच्या विषयात बसत नाही, पुढच्या सभेला नोटीस काढून आणा.

हे लिहायला चार ओळी पुरतात :

"विषय क्र. ५ वर चर्चा चालू असताना श्री. अमुक यांनी गाडी खरेदीची दुरुस्ती मांडली. नोटिशीत नसलेला खर्च घेता येत नाही (पोटनियम क्र. अमुक), अशी हरकत श्री. तमुक यांनी मतदानापूर्वी घेतली. अध्यक्षांनी हरकत मान्य केली. कारण : गाडी खरेदी हा विषय क्र. ५ शी संबंधित नसून स्वतंत्र विषय आहे. दुरुस्ती घेतली नाही. मूळ विषयावर चर्चा पुढे चालू झाली."

मागची गाडी यात नाही, भाऊ नाही, अर्धा तास पण नाही. ते घातलं तर उद्या घराघरात भांडण लागेल आणि ऑडिटरला त्यातून काही मिळणार नाही. कंपन्यांसाठीच्या २०१३ च्या कायद्यात, कलम ११८ मध्ये, इतिवृत्त म्हणजे कामकाजाचा नीट आणि बरोबर सारांश असं म्हटलंय. कुणाची बदनामी करणारा किंवा गैरलागू मजकूर अध्यक्षांना वाटल्यास त्यात घ्यायचा नाही, असंही आहे. तो कायदा आपल्या सोसायट्यांना लागू नाही, पण शहाणपण उचलायला कुणाची मनाई नाही.

"मतदानापूर्वी" हा शब्द मात्र मुद्दाम घातलाय. हरकत त्याच क्षणी घ्यायची असते. ठराव मंजूर होऊन सभा पुढच्या विषयावर गेली आणि मग कुणाला नियम आठवला, तर त्या हरकतीचं वजन फार कमी होतं. पुढे वाद निबंधकांकडे गेला (कर्नाटकच्या १९५९ च्या सहकार कायद्यात कलम ७० त्यासाठीच आहे) तर हरकत कधी घेतली हे पहिलं विचारलं जाईल. चेअरमनचा निर्णय त्या सभेपुरता शेवटचा असतो, पण नियमाबाहेरचा ठराव त्यानं नियमात येत नाही. म्हणून तर नोंद पाहिजे.

खरी अडचण वेगळीच असते. हरकत आली की पुष्कळ चेअरमन निर्णय देतच नाहीत. "असू दे, बघू, पुढे चला" म्हणतात. आता सेक्रेटरीनं काय लिहायचं? घरी जाऊन आपल्या मनानं "हरकत फेटाळली" लिहिणारे आहेत, आणि वर एक छानसं कारण पण जोडतात. हे अजिबात करू नये. जो निर्णय दिला नाही तो बुकात जन्माला घालायचा अधिकार सेक्रेटरीला नाही. तिथेच, सगळ्यांसमोर, हळू पण स्पष्ट विचारायचं : "साहेब, हरकत मान्य की अमान्य? काय लिहू?" उत्तर आलं की ते वाक्य तिथेच मोठ्यानं वाचून दाखवायचं. चेअरमननी कारण सांगितलं नाही तर कारणाची जागा कोरी सोडायची. विचारूनही निर्णय आला नाही तर "निर्णय दिला नाही, विषय पुढे चालू ठेवला" एवढंच खरं खरं लिहायचं. चेअरमनला ते आवडणार नाही. पण ही ओळ लिहिली जाणार हे कळलं की बहुतेक चेअरमन तिथल्या तिथे निर्णय देतात.

गणपूर्तीच्या हरकतीला थोडं जास्त लिहावं लागतं, कारण तिथे निर्णय आकड्यावर उभा असतो. किती वाजता हरकत घेतली, मोजल्यावर किती सभासद हजर निघाले, पोटनियमाप्रमाणे किती पाहिजेत, हे तिन्ही आकडे हवेत. रागावून दहा जण उठून गेले, तर "सभात्याग करून निषेध नोंदवला" असलं वर्तमानपत्री वाक्य नको. किती वाजता किती जण गेले तेवढं लिहा, कारण त्यानंतरच्या प्रत्येक ठरावाला गणपूर्ती होती की नाही हे त्यावरच ठरणार. तसंच "विनाकारण हरकत घेतली", "जोरदार आक्षेप घेतला" यातले "विनाकारण" आणि "जोरदार" हे सेक्रेटरीचे शब्द आहेत, सभेचे नव्हेत. ते खोडा.

कुणी म्हणेल, मोबाईलवर सगळं रेकॉर्ड आहे, मग लिहायची कटकट कशाला? असू दे की रेकॉर्ड. चार वर्षांनी तो मोबाईल कुणाकडे असेल आणि चालत असेल का, ते बघा. आणि चालला तरी त्यात भांडण आहे, त्यातून निर्णय काढायला परत कुणीतरी दोन तास बसायलाच पाहिजे.

पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करताना एक गंमत हमखास होते. ज्याची हरकत फेटाळली तो उठतो आणि म्हणतो, "मी अजून बरंच बोललो होतो, ते घाला." तिथे प्रश्न एवढाच विचारायचा : हरकत, नियम, निर्णय, कारण यातलं काही चुकीचं लिहिलंय का? चुकीचं असेल तर सभेच्या मंजुरीनं दुरुस्त करायचं. मूळ ओळ वाचता येईल अशी खोडायची, बाजूला दुरुस्ती, चेअरमनची सही आणि तारीख. पान फाडायचं नाही, पांढरा रंग फासायचा नाही. आणि निर्णयच पटला नाही असं त्याचं म्हणणं असेल, तर तो इतिवृत्त कायम करण्याचा विषय नाही. त्यासाठी त्यानं वेगळा ठराव नोटीस देऊन आणावा, किंवा निबंधकांकडे जावं. जाताना आपल्या चार ओळींची नक्कल त्यानं मागितली तर ती नियमाप्रमाणे द्यावी.