‘हमारे नज़दीक’ हे दोन शब्द गाळू नका

दर रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत जकातीवर एक मोठे बयान होते. मौलाना उर्दूत बोलतात, सव्वा तास बोलतात आणि मनापासून बोलतात. पण मागच्या सफेत बसलेली मुले मराठी किंवा इंग्रजी शाळेतली. ‘निसाब’, ‘हाजत-ए-असलिया’ असे शब्द आले की ती शेजाऱ्याकडे बघतात. म्हणून गेली काही वर्षे मी त्या बयानाचे रेकॉर्डिंग ऐकून मराठीत दोन पानांचा मजकूर तयार करतो. तो मोबाइलवरून मोहल्ल्यात फिरतो, आणि मोहल्ल्याबाहेरही जातो.

दोन वर्षांपूर्वीच्या मजकुरात माझे एक वाक्य होते: ‘बायकांच्या वापरातल्या सोन्याच्या दागिन्यांवरही जकात द्यावीच लागते.’ सोपे, छोटे वाक्य. मला ते आवडलेही होते. चार दिवसांनी खेडहून खालाचा फोन आला. “वीस वर्षं या बांगड्या हातात आहेत. आमच्या खतीबसाहेबांनी कधी असं सांगितलं नाही. म्हणजे वीस वर्षांची फर्ज डोक्यावर घेऊन बसले का रे मी?” खाला सहसा रडत नाही. त्या दिवशी रडत होती.

मी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकले. मौलानांनी दागिन्यांचा मसला सांगताना सुरुवातीलाच म्हटले होते, ‘हमारे नज़दीक’. मला ते ‘देखिए’, ‘मतलब’ यांसारखे बोलण्याच्या ओघातले शब्द वाटले. शब्दशः ‘आमच्या जवळ’ असे लिहिले तर काहीच अर्थ लागत नव्हता, म्हणून मी ते काढून टाकले. आलिमाच्या तोंडी मात्र या दोन शब्दांचा अर्थ ठरलेला आहे: ‘आमच्या मजहबच्या मते’, म्हणजे इथे हनफी मताप्रमाणे. आमचा मोहल्ला हनफी. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई, आणि शाफई मजहबच्या प्रचलित मतानुसार स्त्रीने रीतीप्रमाणे वापरण्यासाठी ठेवलेल्या जायज दागिन्यांवर जकात नाही. म्हणजे मौलाना बरोबर होते, खेडचे खतीबही बरोबर होते. चुकले होते फक्त माझे सोपे मराठी.

प्रवचन सोपे करायचे म्हणजे अवघड शब्दांना सोपे शब्द शोधायचे, असे आपण समजतो. माझा अनुभव वेगळा आहे. अवघड शब्द निदान अडवतात. आपण थांबतो, कुणाला तरी विचारतो. शिकवण बिघडते ती लहान, निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दांत. हुकूम कोणासाठी आहे, कोणत्या अटीवर आहे, किती जोराचा आहे आणि कुठून आला आहे, हे सगळे त्या शब्दांत बसलेले असते. आणि मजकूर छोटा करताना पहिला हात नेमका त्यांनाच लागतो.

याचे कारण साधे आहे. सव्वा तासाच्या बयानात, मिनिटाला एकशेवीस शब्द धरले तरी, नऊ हजार शब्द होतात. माझ्या दोन पानांत आठशे मावतात. म्हणजे अकरा शब्दांतले दहा जाणार. चांगला वक्ता मुख्य गोष्ट तीन-चारदा सांगतो, किस्सा रंगवून सांगतो, पण अपवाद एकदाच सांगतो, तोही भरभर. आपण लक्षात राहिले तेवढे उतरवले तर किस्सा पूर्ण येतो आणि अपवाद गळतो. ऐकणाऱ्याच्या उपयोगाचा मात्र बऱ्याचदा तो अपवादच असतो.

त्याच मजकुरातली दुसरी चूक बघा. मी लिहिले होते, ‘साडेसात तोळ्यांपेक्षा कमी सोने असेल तर जकात नाही.’ निसाबाचा आकडा बरोबर आहे: सोने साडेसात तोळे, म्हणजे 87.48 ग्रॅम, किंवा चांदी साडेबावन्न तोळे, म्हणजे 612.36 ग्रॅम. पण मौलानांच्या वाक्यात ‘सिर्फ़’ होते. ज्याच्याकडे फक्त सोने आहे, चांदी नाही, रोकड नाही, व्यापाराचा माल नाही, त्याच्यासाठी साडेसात तोळ्यांची मर्यादा. सोन्याबरोबर गरजेपेक्षा जास्त रोकड असेल, तर हनफी फतव्यांनुसार सगळ्याची एकत्र किंमत करतात आणि ती चांदीच्या निसाबाशी ताडतात.

आता आमच्याच गल्लीतली एक बाई धरा. तिच्याकडे पाच तोळे सोने आहे, बँकेत वीस हजार आहेत, कर्ज नाही. दर रोज बदलतात, म्हणून हिशेबापुरते गोल आकडे घेऊ: सोने तोळ्याला एक लाख, चांदी तोळ्याला एक हजार. चांदीचा निसाब झाला 52,500 रुपये. बाईची मालमत्ता 5,20,000. चांद्रवर्ष पूर्ण झाले असेल तर अडीच टक्क्यांनी जकात 13,000 रुपये. माझा मजकूर वाचून ती म्हणाली असती, साडेसात तोळे कुठे आहेत माझ्याकडे? तिचे तेरा हजार कुणाच्या तरी हक्काचे होते, आणि ते एका ‘फक्त’च्या अभावी कपाटात राहिले असते. खालाला मी नसलेली फर्ज सांगितली, या बाईला असलेली फर्ज माफ केली. एकाच पानावर.

हुकमाच्या जोराचेही तसेच. फर्ज, वाजिब, सुन्नत, मुस्तहब या पायऱ्या आहेत. मराठीत मात्र सगळ्यांना ‘करावे’ म्हणायची सवय आहे. वर्तमानपत्रातला सल्ला, डॉक्टरची सूचना आणि खुदाचा हुकूम सगळे ‘करावे’त जमा होतात. आमच्या कामात हा प्रश्न फार पूर्वी लोकांना छळून गेला आहे. इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज लिहिणाऱ्यांनी 1997 साली RFC 2119 नावाचे छोटे टिपण काढून `MUST`, `SHOULD`, `MAY` यांचे अर्थ ठरवून टाकले, कारण एकाने सल्ला म्हणून लिहिलेले दुसरा सक्ती म्हणून वाचत होता. फुकहांनी हे काम त्याच्या हजारेक वर्षे आधी केले होते. आपण त्यांची उतरंड वापरायचीही तसदी घेत नाही. मी आता मजकुरात तीनच क्रियापदे ठेवतो: फर्ज-वाजिबसाठी ‘द्यावेच लागते’, सुन्नत-मुस्तहबसाठी ‘दिलेले चांगले’, मुबाहसाठी ‘चालते’. फर्ज आणि वाजिब यांतला फरक त्यात पुसला जातो, हे मला ठाऊक आहे. जिथे त्या फरकाने काही अडते तिथे मूळ शब्द लिहितो.

कुठून आले, याबद्दल आपण सर्वांत निष्काळजी आहोत. मौलाना म्हणतात, ‘रिवायत में आता है’. आम्ही लिहितो, ‘प्रेषितांनी (स.) सांगितले’. वाक्य सुटसुटीत होते खरे. पण जुन्या मुहद्दिसांनी या दोन्हींतला फरक जाणूनबुजून राखला आहे. इमाम नववी बजावतात, की जईफ हदीस सांगताना ‘प्रेषितांनी म्हटले’ असे ठामपणे बोलू नये, ‘असे सांगितले जाते’ असे म्हणावे. मौलाना ते पथ्य पाळतात आणि आमचे सोपे मराठी मोडते. त्यापुढे एखाद्या बुजुर्गाचा किस्सा त्याच परिच्छेदात आला, की वाचणाऱ्याला आयत, हदीस, फतवा आणि किस्सा सगळे एकाच वजनाचे वाटते. मी किस्सा बहुधा काढतो. ठेवला तर तो किस्सा आहे असे लिहून ठेवतो.

शब्दांचे काय? काही शब्द बदलूच नयेत. ‘जकात’ला ‘दान’ म्हटले की देणारा दाता होतो आणि घेणारा उपकाराखाली येतो. कुरआनची शिकवण अशी, की श्रीमंताच्या मालात गरजूचा ठरलेला हक्क आहे. तो देणे म्हणजे देणे चुकवणे, उपकार नव्हे. शिवाय दान कुणालाही देता येते, जकात कुरआनने सांगितलेल्या आठ प्रकारांतच देता येते, आणि त्यात कर्जात बुडालेला आणि वाटेत अडकलेला प्रवासीही येतो. नुसते ‘गरिबांना द्या’ लिहिले तर ते दोघे गळतात. पण शब्द तसाच ठेवण्यातही मराठीत एक गंमत आहे: शब्द मुळात आपलाच, तरी ‘जकात’ म्हटले की माझ्या हिंदू मित्रांना नाका आठवतो. जीएसटी आल्यावर 2017 साली मुंबईची जकात गेली, पण शब्दाचा वास गेला नाही. म्हणून पहिल्यांदा येतो तिथे एका वाक्यात अर्थ सांगतो, पुढे शब्द तसाच. माझ्या वयाचे काही मित्र ‘वेल्थ टॅक्स’ लिही म्हणतात. कर चुकवायची वाट लोक शोधतात. तो शब्द मला नको.

उलट टोकाला काही बुजुर्ग आहेत. त्यांना वाटते, सोपे करायचेच कशाला, दीन पातळ होतो. त्यांना शाह वलीउल्लाहांच्या घराची आठवण द्यावीशी वाटते. वडिलांनी कुरआनचे फारसीत भाषांतर केले. पुढे लोक उर्दू बोलू लागले तेव्हा एका मुलाने, शाह रफीउद्दीन यांनी, अरबी शब्दाखाली उर्दू शब्द ठेवत भाषांतर केले. दुसऱ्याने, शाह अब्दुल कादिर यांनी, दिल्लीच्या बोलीत वाचणाऱ्याला कळेल असे. दोन्ही टिकली. ज्या उर्दूला आज आपण दीनची भाषा मानतो, ती तेव्हा बाजारातली बोली होती.

आता माझी पद्धत अशी आहे. रेकॉर्डिंग दोनदा ऐकतो. पहिल्या खेपेला काहीच लिहीत नाही, फक्त ‘सिर्फ़’, ‘अगर’, ‘अलबत्ता’, ‘बशर्ते कि’, ‘हमारे नज़दीक’ आले की वेळ टिपतो. सव्वा तासात अशा तीस-पस्तीस जागा निघतात. मजकूर झाल्यावर त्या यादीतली प्रत्येक जागा कुठे गेली ते बघतो. गाळली असेल तर का गाळली हे मला सांगता आले पाहिजे. मग बयान न ऐकलेल्या एखाद्याला पान देतो. ‘समजलं का?’ असे विचारत नाही, कारण सगळे हो म्हणतात. ‘पाच तोळे आणि वीस हजार असतील तर किती?’ असे विचारतो. त्याची उत्तरे घेऊन मौलानांकडे जातो. पूर्ण मजकूर वाचायला त्यांना वेळ नसतो, पण चुकीचे उत्तर त्यांना लगेच ऐकू येते. मागच्या वर्षी तीन जागा अशा सापडल्या, त्यातली एक कर्जाबाबतची होती आणि ती मला स्वतःलाही नीट कळलेली नव्हती.

मजकूर त्यामुळे दोनऐवजी अडीच पानांचा होतो. वर पहिल्याच ओळीत लिहितो: हे हनफी मताप्रमाणे आहे, शाफई वाचकांनी आपल्या आलिमांना विचारावे.

खालाने विचारले. खतीबसाहेब म्हणाले, बांगड्यांवर तुमच्यावर काही नाही. तरी तिने काही रक्कम बाजूला काढून शेजारच्या बेवा बाईला दिली. खतीबसाहेबांनी तिला एवढेच सांगितले, की हिशेबाच्या वहीत याला जकात लिहू नका, सदका लिहा.