‘सर्वांना मान्य’ म्हणजे नेमकं कोणाकोणाला? ऐनवेळच्या विषयांचं खरं गणित

देवळा : सप्टेंबर आला की तालुक्यात सभांचा हंगाम सुरू होतो. विकास सोसायटी, पतसंस्था, दूध संस्था आणि आता गावोगावी झालेल्या शेतकरी उत्पादक कंपन्या, सगळ्यांच्या वार्षिक सभा याच दिवसांत उरकायच्या असतात. कुठे नोटीस उशिरा निघते, कुठे निम्म्या सभासदांना मिळतच नाही. अजेंड्याच्या शेवटी मात्र एक ओळ ठरलेली असते, ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. मग प्रोसिडिंग बुकात एक वाक्य पडतं: ‘नोटिशीबाबत उपस्थितांची हरकत नाही, विषय सर्वानुमते मंजूर.’

या एका वाक्यावर कर्ज काढलं जातं, जागा भाड्याने दिली जाते, कधी माणसाला नोकरीवरून कमीही केलं जातं. म्हणून हे वाक्य कायद्यापुढे किती टिकतं, हे सभासदाला माहीत असायला हवं. थोडक्यात सांगायचं तर हजर माणूस स्वतःच्या नोटिशीचा हक्क सोडू शकतो. गैरहजर माणसाचा हक्क तो सोडू शकत नाही, मग खोलीतले कितीही हात वर गेलेले असोत.

आता हे एका उदाहरणातून बघू. उदाहरण कल्पित आहे, पण नियम खरे आहेत. तालुक्यातली एक कांदा उत्पादक कंपनी, सात संचालक, चारशे सभासद. कांदा खरेदी करणाऱ्या एजन्सीने अचानक कळवलं, की परवा संध्याकाळपर्यंत चाळींची क्षमता आणि संचालक मंडळाचा ठराव पाठवा, नाहीतर यंदा खरेदी केंद्र मिळणार नाही. कायद्याने मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने प्रत्येक संचालकाला सभेची लेखी नोटीस किमान सात दिवस आधी द्यायची असते. इथे हातात दोनच दिवस आहेत.

अशा वेळी कायदा अडवत नाही. उत्पादक कंपन्यांसाठीच्या तरतुदीत स्पष्ट म्हटलंय, की संचालक मंडळाची सभा कमी मुदतीच्या नोटिशीवर घेता येते, मात्र त्याची कारणं मंडळाने लेखी नोंदवली पाहिजेत. बऱ्याच ठिकाणी चूक इथेच होते. इतिवृत्तात ‘तातडीचे काम असल्याने’ एवढंच लिहितात. ते कारण झालं नाही. एजन्सीचं पत्र कोणत्या तारखेला आलं, शेवटची मुदत कधीची होती आणि सात दिवस थांबलं असतं तर काय हातचं गेलं असतं, हे लिहिलं तर कारण होतं. उद्या लेखापरीक्षक किंवा दुसरा कोणी विचारायला आला, तर त्याला पत्राची तारीख आणि सभेची तारीख शेजारी ठेवून बघता आली पाहिजे.

मुदत कमी करता येते, पण नोटीस मात्र सातही जणांना गेलीच पाहिजे. सहा जणांना दिली आणि सातवा ‘तसाही विरोधच करतो’ म्हणून त्याला वगळलं, तर तो मुदतीचा दोष राहत नाही, सभेचं मूळच हलतं. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने परमेश्वरी प्रसाद गुप्ता यांच्या खटल्यात हेच सांगितलं. एका कंपनीच्या जनरल मॅनेजरला काढण्याचा ठराव ज्या सभेत झाला, तिची नोटीस एका संचालकाला दिलीच नव्हती. न्यायालय म्हणालं, तो ठराव अवैध. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला मेसेज आठवण म्हणून ठीक आहे, पण लेखी नोटिशीच्या जागी त्यावर भिस्त ठेवू नये. पोहोच घ्यावी, नाहीतर ई-मेल करावा.

समजा आपल्या उदाहरणात सातही जणांना नोटीस मिळाली आणि पाच जण आले. एक नाशिकला दवाखान्यात, एक लग्नाला. पाचापैकी चौघांनी खरेदी केंद्राच्या ठरावाला होकार दिला, एकाने नाही म्हटलं. हा ठराव पक्का झाला का? झाला. कारण ज्या कंपनीत स्वतंत्र संचालक नाही, तिथे कंपनी सचिवांच्या राष्ट्रीय संस्थेने घालून दिलेलं सभांचं मानक असं सांगतं : कमी मुदतीच्या सभेतला निर्णय एकूण संचालकांच्या बहुमताने सभेतच झाला असेल, तर तो तिथेच अंतिम. एकूण सात, म्हणजे चार मतं लागतात. पाचापैकी तिघेच हो म्हणाले असते, तर खोलीतलं बहुमत मिळालं असतं, पण निर्णय लटकलेला राहिला असता. तो सातही जणांकडे पाठवून आणखी एकाची मान्यता मिळाल्यावरच अंतिम होतो. मोजताना खाली सातच लिहायचे, पाच नाही.

अजेंड्यावर नसलेल्या विषयालाही हाच हिशोब लागतो, आणि आधी एक पायरी जास्त असते. अध्यक्षांची परवानगी लागते आणि हजर असलेल्यांपैकी बहुतेकांनी ‘हा विषय आज घेऊ’ असं म्हणावं लागतं. नुसत्या ‘अध्यक्षांच्या परवानगीने’ भागत नाही. ही संमती विषयावरच्या मतापेक्षा वेगळी असते. ‘आज चर्चा करायला माझी ना नाही, पण ठरावाला विरोध आहे’ असं एखादा संचालक म्हणू शकतो. प्रोसिडिंगमध्ये या दोन वेगळ्या ओळी हव्यात.

खरं बघितलं तर कमी मुदतीपेक्षा ऐनवेळचा विषय जास्त घात करतो. नोटीस उशिरा आली तरी माणूस धावत येऊ शकतो. पण अजेंड्यावर ‘खत विक्रीचा आढावा’ एवढंच दिसलं, म्हणून जो डाळिंबावर फवारणी करत बागेतच थांबला, त्याला कसं कळावं की त्याच सभेत एका संचालकाच्या नातेवाइकाचं गोदाम भाड्याने घेण्याचं ठरणार आहे? ज्या विषयात कोणाचा पैसा किंवा पद गुंतलंय, तो ऐनवेळी आला तर ‘पुढच्या सभेत अजेंड्यावर घ्या’ एवढंच म्हणायला कोणालाही वकील लागत नाही.

इतिवृत्तात मजकूर कसा असावा? पहिला विषय सुरू होण्याआधी असं काहीसं :

‘या सभेची लेखी नोटीस दि. … रोजी सर्व सात संचालकांना दिली असून पोहोच दप्तरी आहे. सात दिवसांऐवजी दोन दिवसांची मुदत मिळाली. कारण : … यांचे दि. … चे पत्र, ठराव पाठविण्याची अंतिम मुदत दि. … . अध्यक्षांनी हजर पाच संचालकांना कमी मुदतीबाबत विचारले असता चौघांनी संमती दिली. श्री. … यांनी हरकत घेतली, ती अशी : … . गैरहजर संचालक : … व … . त्यांना निर्णय दि. … पर्यंत कळविण्यात येईल.’

या मजकुरात गैरहजरांची नावं आहेत आणि हरकतही आहे, हे मुद्दाम. हरकत लिहिल्याने ठराव कच्चा होत नाही. उलट, सगळं विचारून झालं याचा तो पुरावा असतो. हजेरीच्या सहीला मात्र संमती समजू नये. बऱ्याच ठिकाणी आल्याआल्या कोऱ्या पानाखाली सह्या घेतात आणि मजकूर दुसऱ्या दिवशी भरतात. अशा पानावर सही करू नये.

ज्याला हरकत घ्यायची आहे, त्याने ती सुरुवातीलाच घ्यावी. चहा पिऊन, चर्चेत भाग घेऊन, मत देऊन झाल्यावर ‘मला नोटीस उशिरा मिळाली’ म्हटलं तर फारसं कोणी ऐकत नाही. न्यायालयही बघतं, की या दोषाने खरंच कोणाचं काही बिघडलं का. कर्नाटकातल्या होळेनरसीपूर नगरपालिकेत साठच्या दशकात अध्यक्षांवर अविश्वास आला, तेव्हा नोटिशीला पूर्ण तीन दिवस मिळाले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने दोष मान्य केला, तरी ठराव रद्द केला नाही. वीसपैकी एकोणीस नगरसेवक सभेला आले होते आणि पंधरा जणांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं होतं. म्हणून हरकत असेल तर ती पहिल्या पाच मिनिटांत नोंदवायची. लिहून घेत नसतील तर त्याच दिवशी लेखी देऊन पोहोच घ्यायची.

ग्रामपंचायतीच्या मासिक सभेला तीन पूर्ण दिवसांची नोटीस लागते. पूर्ण दिवस म्हणजे नोटिशीचा आणि सभेचा दिवस सोडून. सोमवारी नोटीस दिली तर सभा शुक्रवारी, गुरुवारी नाही.

हे झालं संचालक मंडळाचं आणि सदस्यांच्या सभेचं. सर्व सभासदांच्या सभेत चित्र बदलतं. उत्पादक कंपनीच्या सर्वसाधारण सभेला चौदा दिवसांची लेखी नोटीस लागते. वार्षिक सभा असेल तर सोबत अजेंडा, मागचं इतिवृत्त आणि ताळेबंद वगैरे कागद द्यावे लागतात. मंडळाला दिलेली कमी मुदतीची सवलत या तरतुदीत दिसत नाही. इतर कंपन्यांना वार्षिक सभा कमी मुदतीत घेण्याची सोय आहे, पण त्यालाही मतदानाचा हक्क असलेल्या ९५ टक्के सभासदांची संमती लागते, आलेल्यांपैकी ९५ टक्के नव्हे. चारशे सभासदांत ते ३८० होतात. आपल्या उदाहरणातल्या कंपनीत कोरमला शंभर पुरतात. सभागृहात १३० जण बसलेत आणि सगळ्यांनी हात वर केले, तरी उरलेल्या २७० जणांची नोटीस त्याने भरून निघत नाही. सहकारी संस्थेत पोटनियम दुरुस्त करायचे असतील तर तीच गोष्ट. दुरुस्तीची रीतसर नोटीस सगळ्या सभासदांना गेली पाहिजे आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश बाजूने हवेत. ऐनवेळच्या विषयात पोटनियम बदलला, तर तो बदल पहिल्याच तक्रारीत अडकू शकतो.

हजर असलेल्यांच्या एकमताला किती मर्यादा असते, हे या तालुक्याने जवळून पाहिलंय. उमराणे ग्रामपंचायतीच्या वेळी सरपंचपदासाठी गावात बोली लागली, ती २ कोटी ५ लाखांपर्यंत गेल्याच्या बातम्या आल्या. पैसा मंदिरासाठी होता आणि जमलेल्या मंडळींना ते मान्यही होतं. तरी जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने ती निवडणूक रद्द केली. तो विषय नोटिशीचा नव्हता. पण जो हक्क प्रत्येक मतदाराचा आहे, तो जमलेल्यांनी सगळ्यांच्या वतीने सोडून चालत नाही, हे तिथेही लागू पडलं.

मग दोष राहून गेलेला ठराव दुरुस्त होतच नाही का? होतो. गुप्ता यांच्याच खटल्यात पुढे रीतसर नोटीस देऊन झालेल्या सभेने आधीच्या कारवाईला मान्यता दिली होती. न्यायालयाने ती मान्यता धरली, आणि ती पहिल्या तारखेपासून लागू मानली. गुप्ता हरले. मात्र ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ या नेहमीच्या ओळीवर विसंबू नये. इतिवृत्त कायम करणं म्हणजे लिहिलेलं बरोबर आहे एवढंच. निर्णयाला मान्यता हवी असेल, तर पुढच्या सभेच्या अजेंड्यावर तो विषय वेगळा, नावानिशी घ्यायचा : ‘दि. … च्या सभेतील ठराव क्र. … हा नोटिशीत त्रुटी असताना झाला असल्याने त्यास मान्यता देणे.’ आणि ही नोटीस मात्र पूर्ण मुदतीची, सगळ्यांना, पोहोच घेऊन.