पूरक आहाराची मुदत आणि उन्हाळ्यातील साठवण यांबाबत निवेदन

नागपूर, मार्च २०२५

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई

(मा. सहआयुक्त (अन्न), नागपूर विभाग यांच्यामार्फत)

विषय : प्रोबायोटिक व माशाच्या तेलाच्या कॅप्सूल विकताना मुदतीच्या तारखेबरोबरच साठवणीचे तापमानही तपासले जावे, याबाबत.

महोदय,

आम्ही नागपूर, अकोला व चंद्रपूर येथील ग्राहक असून आमच्यात औषध दुकानदार आणि अन्नतंत्रज्ञानाचे शिक्षक आहेत. गेल्या मे महिन्यात आमच्यातील एका कुटुंबाने माशाच्या तेलाच्या कॅप्सूलची बाटली ऑनलाइन मागवली. घरी आली तेव्हा कॅप्सूल एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा झाला होता. एक फोडून पाहिली तर तेलाला जुन्या रंगाच्या डब्यासारखा खवट वास येत होता. मुदत संपायला दीड वर्ष बाकी होते. विक्रेत्याचे उत्तर एका ओळीचे होते : मुदत संपलेली नाही, म्हणून तक्रार ग्राह्य नाही. हे उत्तर चुकीचे का आहे आणि त्यावर प्रशासनाने काय करावे, हे मांडण्यासाठी हे निवेदन आहे.

मुदत संपलेला पूरक आहार विषारी होतो की फक्त त्याचा जोर कमी होतो, हा प्रश्न दुकानात रोज विचारला जातो. सगळ्या पदार्थांना लागू पडेल असे एकच उत्तर त्याला नाही. कोरड्या, नीट बंद ठेवलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या तारीख उलटताच अपायकारक होत नाहीत. त्यांतील घटकद्रव्य हळूहळू कमी होत जाते. क जीवनसत्त्व दमटपणात लवकर विघटित होते आणि गोळी पिवळी-तपकिरी दिसू लागते. कॅल्शियम कार्बोनेटसारखे खनिज वर्षानुवर्षे जसेच्या तसे राहते, गोळी फार तर भुसभुशीत होते. पावडरीला ओल लागली तर मात्र गोष्ट वेगळी, कारण तिथे बुरशी वाढू शकते.

तरीही ‘फक्त कमकुवत’ म्हणजे निरुपद्रवी, असा अर्थ कुणी काढू नये. गर्भाच्या मेंदूचा व मज्जारज्जूचा पाया गर्भारपणाच्या पहिल्या काही आठवड्यांतच घातला जातो आणि त्यासाठी फॉलिक ॲसिड दिले जाते. त्या काळात घेतलेली गोळी निम्म्या ताकदीची निघाली तर पुढे ती उणीव भरून काढता येत नाही. म्हणून मुदतबाह्य मालाच्या विक्रीवरील बंदी जशी आहे तशीच राहावी. आमचे म्हणणे त्यापुढचे आहे. मुदतीची तारीख ठरते ती विशिष्ट तापमानात केलेल्या चाचण्यांवरून. ते तापमान पाळलेच गेले नसेल, तर छापलेल्या तारखेला आधार उरत नाही. प्रोबायोटिक आणि माशाचे तेल या दोन पदार्थांत हे सर्वांत ठळकपणे दिसते.

प्रोबायोटिकचा सारा उपयोग त्यातील जंतू जिवंत असण्यावर आहे. कढत दुधात विरजण घातले तर दही लागत नाही, तसेच इथे घडते. फरक एवढाच की दही लागले नाही हे सकाळी कळते, कॅप्सूलमधील जंतू मेले हे कुणालाच कळत नाही. लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम या प्रकारचे जंतू गोठवून वाळवलेले असतात. कोरड्या, थंड जागी ते महिनोन्‌महिने सुप्त अवस्थेत टिकतात. उष्णता आणि ओलावा एकत्र आले की त्यांची आवरणे व प्रथिने बिघडू लागतात आणि संख्या झपाट्याने घसरते. नंतर डबी फ्रिजमध्ये ठेवली तरी मेलेले जंतू परत येत नाहीत.

हिशेब करून पाहू. देशाच्या नियमांनुसार प्रोबायोटिक अन्नाच्या दिवसभराच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जंतू असावे लागतात. एका कॅप्सूलमध्ये कारखान्यातून निघताना १०० कोटी जंतू आहेत आणि तापलेल्या गोदामात दर महिन्याला त्यांची संख्या दहाव्या भागावर येते, असे समजू. पहिल्या महिन्याअखेर १० कोटी उरतात, म्हणजे माल नियमाच्या काठावर येतो. दुसऱ्या महिन्याअखेर १ कोटी उरतात. डबीवर मुदत दीड वर्षाची असली तरी दोन महिन्यांतच तो माल नियमात बसेनासा होतो आणि तारखेनुसार ‘चांगला’ म्हणून आणखी सोळा महिने विकला जातो. प्रत्येक जातीचा घसरणीचा वेग वेगळा असल्याने हा आकडा सर्वांना लावता येणार नाही. बॅसिलस कोॲग्युलन्ससारखे बीजाणू धरणारे जंतू उष्णतेत बरेच तग धरतात आणि त्यांना आमच्या मागण्यांचा जाच होऊ नये, असेच आम्हाला वाटते. पण कोणत्या डबीत कोणती जात आहे आणि तिला कोणते तापमान लागते, हे डबीवर वाचता आले पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांत जंतूची जात व उपजात, मुदत संपताना उरणारी जिवंत संख्या आणि साठवणीचे तापमान लेबलवर देण्यास सांगितलेले आहे. ‘उत्पादनाच्या वेळी इतके कोटी’ असे छापून ही अपेक्षा पूर्ण होत नाही, कारण ग्राहक ती कॅप्सूल कारखान्याच्या दारात घेत नाही.

मेलेले प्रोबायोटिक जंतू सहसा अपाय करीत नाहीत. तिथे नुकसान उपयोगाचे आणि पैशाचे होते. माशाच्या तेलाला मात्र ‘फक्त कमकुवत’ हे वर्णन लागू पडत नाही. त्यातील ईपीए या मेदाम्लाच्या रेणूत पाच आणि डीएचएच्या रेणूत सहा दुहेरी बंध असतात आणि त्याच जागी हवेतील ऑक्सिजन हल्ला करतो. आधी पेरॉक्साइड तयार होतात, ती फुटून आल्डिहाइड होतात आणि खवट वास येतो तो याच आल्डिहाइडांचा. ही क्रिया एकदा सुरू झाली की स्वतःच स्वतःला पुढे ढकलते. उष्णता तिचा वेग वाढवते, आणि तेलात घातलेले ई जीवनसत्त्व तिला थोपवता थोपवता स्वतः संपून जाते. म्हणजे तेलात ईपीए-डीएचए कमी होतातच, शिवाय मूळ तेलात नसलेली द्रव्ये त्यात येतात.

ही द्रव्ये माणसाला किती बाधतात, हे अजून पक्के ठरलेले नाही. निरोगी माणसांना काही आठवडे ऑक्सिडीकृत तेल देऊन केलेल्या एका अभ्यासात ठळक दुष्परिणाम दिसले नव्हते. न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या संशोधकांनी गर्भार उंदरांना अतिशय ऑक्सिडीकृत माशाचे तेल दिले, तेव्हा नवजात पिल्लांचे मृत्यू वाढले. त्यांनी दिलेले तेल आणि मात्रा दोन्ही टोकाची होती, म्हणून घबराट पसरवण्याचे कारण नाही. पण आपल्याकडे गर्भवतींना डीएचएच्या कॅप्सूल सुचवल्या जातात, तेव्हा खवट तेल त्यांच्या हाती पडू नये इतकी खबरदारी मागणे रास्त आहे.

तेलाचा बिघाड मोजता येतो. २०१७ च्या कोडेक्स मानकानुसार माशाच्या तेलाचे पेरॉक्साइड मूल्य किलोला ५ मिलिइक्विव्हॅलंटच्या आत, ॲनिसिडिन मूल्य २० च्या आत आणि एकूण ऑक्सिडेशन मूल्य, म्हणजे पेरॉक्साइडची दुप्पट अधिक ॲनिसिडिन, २६ च्या आत असावे लागते. दोन्ही मूल्ये एकत्र पाहणे का आवश्यक आहे, हे आमच्या निवेदनाचे मर्म आहे. बिघाड पुढे सरकला की पेरॉक्साइड फुटू लागतात आणि त्यांचे मूल्य पुन्हा खाली येते. समजा, एखाद्या नमुन्यात पेरॉक्साइड ४ आणि ॲनिसिडिन ३० आले. फक्त पहिला आकडा पाहणारा अधिकारी हा नमुना उत्तीर्ण करील. एकूण मूल्य मात्र ३८ होते, म्हणजे तेल मर्यादेबाहेर गेलेले आहे. लिंबाचा स्वाद घातलेल्या तेलात स्वादद्रव्यातील आल्डिहाइडांमुळे ॲनिसिडिनचा आकडा फुगतो. अशा मालाच्या बाबतीत उत्पादकाकडून स्वाद घालण्यापूर्वीच्या तेलाचा अहवाल मागवावा लागेल. स्वाद आणि जाड आवरण यांमुळे ग्राहकाच्या नाकालाही खवटपणा सहज पकडता येत नाही, म्हणून हे काम प्रयोगशाळेचेच आहे.

यावरून आम्ही पुढील मागण्या करीत आहोत.

एप्रिल ते जून या काळात विदर्भ, मराठवाडा व खानदेशातील वितरकांची गोदामे आणि कुरिअर केंद्रे यांची खास तपासणी मोहीम घ्यावी. या भागात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि पत्र्याचे छत असलेल्या गोदामात किंवा उन्हात उभ्या बंद गाडीत तो त्याहूनही वर जातो. तपासणीत तारखांबरोबर गोदामाच्या तापमानाची नोंदवही पाहिली जावी. ती नसेल तर सुधारणा नोटीस द्यावी. ‘२५ अंशांखाली ठेवा’ असे लेबल असलेला माल तापलेल्या जागी आढळला, तर मुदत बाकी असली तरी विक्री थांबवून त्याचे नमुने घ्यावेत.

नमुने घेण्याची पद्धत आम्हाला सर्वांत कळीची वाटते. प्रोबायोटिकचा नमुना दुपारच्या उन्हात जीपमधून नेला आणि चार दिवस टेबलावर राहिला, तर दोष दुकानदाराचा की वाहतुकीचा हे सांगताच येणार नाही आणि प्रकरण न्यायनिर्णयात टिकणार नाही. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना शीतपेटी व तापमान नोंदवणारे छोटे यंत्र द्यावे, मूळ सीलबंद डब्याच घ्याव्यात आणि कोणतेही परिरक्षक न घालता त्या प्रयोगशाळेत पोहोचवाव्यात. फॉर्मॅलिन घातलेल्या नमुन्यात जिवंत जंतू मोजण्याचा प्रश्नच उरत नाही. प्रयोगशाळेने प्रोबायोटिकची जिवंत संख्या आणि तेलाची दोन्ही मूल्ये अहवालात लिहावीत.

ऑनलाइन विक्रीबाबत केंद्रीय प्राधिकरणाने २०२४ मध्ये, घरपोच मिळताना अन्नपदार्थाची किमान ३० टक्के किंवा ४५ दिवसांची मुदत शिल्लक असावी, असे सांगितले. ते योग्यच झाले, पण त्यातही मोजमाप तारखेचेच आहे. उष्णतेला नाजूक असलेला माल उन्हाळ्यात उष्णतारोधक वेष्टनातून यावा, शक्य तिथे उष्णता लागताच रंग बदलणारी चिठ्ठी त्यावर असावी, आणि चिकटलेल्या किंवा खवट कॅप्सूलची तक्रार ‘मुदत बाकी आहे’ एवढ्याच कारणावरून फेटाळता येऊ नये, असे निर्देश राज्यातील परवानाधारकांना द्यावेत. लेबलचे नियम बदलणे आपल्या अधिकारात नाही, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणून जिवंत संख्या मुदतीअखेरची छापणे आणि तापमान ठळक देणे बंधनकारक करावे, अशी शिफारस आपल्या कार्यालयाने भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाकडे पाठवावी.

आमच्यातील औषध दुकानदार आपल्या दुकानातील तापमानाच्या नोंदी तपासणीसाठी खुल्या ठेवायला तयार आहेत. मागण्यांवर चर्चेसाठी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात नागपूर विभागीय कार्यालयात वेळ द्यावी आणि केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती मिळावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
निवेदनकर्ते ग्राहक, औषध दुकानदार व शिक्षक
नागपूर, अकोला, चंद्रपूर

प्रत माहितीसाठी : मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, नवी दिल्ली